३ मायक्रॉनच्या एचपीएलसी कॉलमबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

★☆☆☆☆
"५ मायक्रॉनचा २५० मिमी कॉलम काढून यांच्याकडचा ३ मायक्रॉनचा १५० मिमी लावला. फोनवर सांगितलं होतं, रिझोल्यूशन वाढेल. १.२ चं १.३ झालं, एवढंच. फ्लो १ मिलीवरून ०.३ वर आणला तर परत १.२, आणि रन तिपटीहून लांबला. प्रेशर मात्र दीडपटीच्या वर. कॉलममध्येच खोट आहे."

नमस्कार सर,

पहिली गोष्ट, फोनवर आमच्या माणसाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. या अदलाबदलीत रिझोल्यूशन फारसं वाढणार नव्हतं, आणि ते विकायच्या आधी सांगणं आमचं काम होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. कॉलम परत घेऊन पूर्ण पैसे द्यायला मी तयार आहे. पण त्यात खोट नाही. तुम्ही कॉलमसोबत सँपल आणि इम्प्युरिटीचं स्टँडर्डही पाठवलंत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये दोन दिवस त्यावर काम करता आलं.

कॉलम किती प्लेट देईल, म्हणजे पीक किती अरुंद ठेवेल, याचा पहिला अंदाज लांबी आणि कणाचा आकार यांच्या भागाकारावरून येतो. २५० मिमीला ५ मायक्रॉनने भागा, ५०,००० येतात. १५० मिमीला ३ मायक्रॉनने भागलं तरी तेवढेच. म्हणजे कण बारीक केल्यामुळे जे कमावलं ते लांबी कमी केल्यामुळे गेलं. प्लेट हाइट, म्हणजे कॉलमची लांबी भागिले प्लेट, चांगल्या भरलेल्या कॉलममध्ये कणाच्या साधारण सव्वादोन ते अडीच पट असते. तुमच्या कॉलमवर १ मिलीला ती ७ मायक्रॉन आली, प्लेट २१,५०० च्या आसपास. तुमचा जुना कॉलम त्याच फ्लोवर १९,००० च्या आसपास देत असणार. प्रेशर मात्र लांबीच्या सरळ प्रमाणात आणि कणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चालतं. तो हिशेब १.६७ पट येतो, म्हणजे तुम्हाला दिसलं ते बरोबरच होतं.

आता फ्लोबद्दल. रिझोल्यूशन हवं तर फ्लो कमी करा, ही सवय १० आणि ५ मायक्रॉनच्या कॉलमवर अनेकांना लागली, आणि तिथे ती योग्यही होती. १९५६ साली व्हॅन डीम्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं समीकरण बघा:

```
H = A + B/u + C·u
```

`H` म्हणजे प्लेट हाइट, `u` म्हणजे प्रवाहाचा वेग. `A` म्हणजे कणांमधून निघणाऱ्या कमीजास्त लांबीच्या वाटा. `C·u` म्हणजे रेणू कणाच्या छिद्रात शिरून बाहेर येईपर्यंत प्रवाह पुढे निघून जातो, त्याने होणारं पसरणं. हे कणाच्या वर्गाबरोबर वाढतं, म्हणून जाड कणांवर वेग कमी केला की पीक खरोखर अरुंद होतो. ३ मायक्रॉनवर हा भाग आधीच लहान असतो. तिथे वेग फार कमी केला की `B/u` डोकं वर काढतो. रेणू कॉलममध्ये तिप्पट वेळ रेंगाळतात आणि स्वतःहूनच मागेपुढे पसरत जातात.

तुमच्याच कॉलमवर आम्ही तीन फ्लोंवर मोजलं. १ मिलीला २१,५०० प्लेट, ०.६५ ला २२,०००, आणि ०.३ ला १९,०००. सर्वांत चांगली जागा ०.६५ जवळ आहे, पण प्लेट हाइटच्या आलेखाचा तिथला तळ इतका सपाट की १ वरून तिथे जाऊन काही हाती लागत नाही. ०.३ ला तुम्ही तळ ओलांडून पलीकडचा चढ चढायला लागला होतात. कॉलम खराब असता, म्हणजे आत पोकळी झाली असती किंवा फ्रिट तुंबली असती, तर तिन्ही फ्लोंवर प्लेट कमी आल्या असत्या आणि पीकला शेपटी किंवा दुसरं टोक दिसलं असतं. तुमचे पीक सुबक आहेत.

मग दोन पीकच्या मधली दरी बेसलाइनपर्यंत का येत नाही? त्यासाठी हे सूत्र लागतं:

```
Rs = (√N / 4) × ((α − 1) / α) × (k / (1 + k))
```

`N` म्हणजे प्लेट, `k` म्हणजे पदार्थ कॉलमवर किती रेंगाळतो ते, आणि `α` म्हणजे सिलेक्टिव्हिटी, दोन पीकच्या `k` चं गुणोत्तर. तुमच्या क्रोमॅटोग्रामवर `k` साधारण ३ आणि `α` १.०५ आहे. २१,५०० प्लेट घातल्या की उत्तर १.३ येतं, तुम्हाला आलं तेच. प्लेटच्या जोरावर २.० गाठायचं तर त्या वर्गमुळाखाली असल्यामुळे सव्वादोन पटीहून जास्त लागतील, सुमारे ५०,०००. म्हणजे याच कणाचा जवळजवळ ३५० मिमी कॉलम. हे मी तुम्हाला विकणार नाही. उलट `α` १.०५ वरून १.०८ झाला तर त्याच कॉलमवर २.० मिळतं. तीन शतांश फरक, पण `α − 1` च्या दृष्टीने ती ६० टक्के वाढ आहे.

म्हणून आम्ही बफर तोच ठेवून ४० टक्के अॅसिटोनायट्राइलच्या जागी ५० टक्के मिथेनॉल घेतलं. मिथेनॉल थोडं कमजोर असल्याने टक्का वाढवावा लागतो, नाहीतर पीक फार उशिरा येतात. मिथेनॉल हायड्रोजन बंध बांधतं, अॅसिटोनायट्राइलची वागणूक वेगळी, म्हणून एकमेकांना चिकटलेल्या जोडीला त्यातलं एखादं वेगळं वागवतं. तुमच्या जोडीत `α` १.०८ झाला, रिझोल्यूशन २.०. सॉल्व्हंट बदलल्यावर कधीकधी पीकचा क्रमही उलटतो, म्हणून इम्प्युरिटीचं स्टँडर्ड वेगळं इंजेक्ट करून पाहिलं. क्रम तोच आहे. २५४ नॅनोमीटरवर मिथेनॉलच्या यूव्ही शोषणाचीही अडचण येत नाही, २१० वर आली असती.

याची किंमत प्रेशरमध्ये आहे. मिथेनॉल आणि पाणी निम्मेनिम्म झालं की मिश्रण चांगलंच घट्ट होतं. १५० बारच्या जागी २८० बार दिसलं. तुमचा पंप ४०० पर्यंतचा असेल तर १ मिलीवर निर्धास्त चालवा, पण १.६७ वर नेऊ नका. ओव्हन ४० अंशांवर ठेवलं तर प्रेशर उतरतं, मात्र तापमानाने सिलेक्टिव्हिटीही सरकू शकते, ते पुन्हा तपासावं लागेल. आणि फार्माकोपियाच्या मेथडमध्ये सॉल्व्हंट बदलणं ही नुसती जुळवाजुळव समजत नाहीत. व्हॅलिडेशन करावंच लागेल.

त्या वेळात मेथड आहे तशीच चालवायची असेल तर हा कॉलम कामाचा आहे. फ्लो ५/३ पटीने वाढवा, १.६७ मिली. अॅसिटोनायट्राइलमध्ये आम्हाला २५५ बार दिसलं, रिझोल्यूशन तुमच्या जुन्या कॉलमइतकंच, १.२, आणि शेवटचा पीक पावणेअकरा मिनिटांऐवजी चार मिनिटांच्या आत. फोनवर सांगायला हवं होतं ते हे. सँपल मात्र ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढूनच इंजेक्ट करा, या कॉलमची फ्रिट बारीक असल्याने ती लवकर तुंबते.

तिन्ही फ्लोंचे आणि मिथेनॉलचे क्रोमॅटोग्राम कॉलमच्या डब्यात ठेवले आहेत. सोमवारी आमचा माणूस डबा घेऊन तुमच्या लॅबमध्ये येईल. एकदा लावून बघा, नको वाटला तर त्याच्याच हाती परत द्या, पैसे त्याच दिवशी पाठवतो.