पंधरावा वाढदिवस, गाजावाजा न करता

पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी जेव्हा "माझा वाढदिवस करू नका" असे म्हणते, तेव्हा घरातली मोठी माणसे त्याचे दोनच अर्थ लावतात. एक, पोराला कशाची किंमत राहिलेली नाही. किंवा दोन, तो वरवर नाही म्हणतो आहे, मनातून त्याला हवेच आहे. माझ्या मते हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. या महिन्यात माझ्या भाच्याला पंधरा वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आम्ही जे ठरवले आणि केले ते इथे सविस्तर लिहीत आहे. ही पोस्ट मी त्याला आधी वाचायला दिली. त्याने दोन वाक्ये गाळायला सांगितली, ती गाळली आहेत. त्याचे नाव आणि छायाचित्र इथे नाही, तेही त्याच्याच इच्छेने.

या वयात लाज इतकी तीव्र का होते, याचा अभ्यास झालेला आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 साली असे मांडले की, किशोरवयीन मूल सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरत असते. सगळ्यांचे लक्ष आपल्याकडेच आहे असे त्याला मनापासून वाटते. पुढे 2013 साली लिआ सॉमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आठ वर्षांपासून बाविशीपर्यंतच्या व्यक्तींना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवले आणि एवढेच सांगितले की, आता तुमच्याच वयाचे कोणीतरी कॅमेऱ्यातून तुमच्याकडे पाहत आहे. करायचे काहीच नव्हते, फक्त पाहिले जाणे सोसायचे होते. तेवढ्यानेही संकोचाची भावना लहान मुलांपेक्षा किशोरवयीनांमध्ये स्पष्टपणे जास्त आढळली. आता आपल्याकडच्या वाढदिवसाचा क्रम डोळ्यांसमोर आणा. मुलाला मध्ये उभे करायचे, दिवे मालवायचे, भोवती पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवत गायचे, आणि निम्म्या हातांत चित्रीकरण करणारे मोबाइल. त्या मुलाला तिथे पाहिले जाण्यावाचून दुसरे काही कामच नसते.

भेटवस्तूंचे दुःख याहून वेगळे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. भेट देणारा समोर बसलेला असतो आणि "उघड ना, उघडून बघ" असा आग्रह चाललेला असतो. कागद फाटल्याच्या दुसऱ्याच क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला पाहिजे, तो पुरेसा दिसला पाहिजे, आणि काकांच्या भेटीला दिसला तेवढाच मामाच्या भेटीलाही दिसला पाहिजे. वस्तू आवडली असली तरीसुद्धा हा आनंद ठरल्या वेळी चेहऱ्यावर आणून दाखवणे पंधराव्या वर्षी फार जड जाते. माझा भाचा अशा वेळी नुसते "थँक्यू" म्हणून मान खाली घालतो, त्याचे कान लाल होतात, आणि मग कोणीतरी हमखास म्हणते, "आवडलं नाही वाटतं याला." त्यानंतरचा सगळा वेळ त्याला आपण कृतघ्न नाही हे सिद्ध करण्यात घालवावा लागतो.

म्हणून या वर्षी माझ्या बहिणीने त्याला "तुला काय हवं?" असे विचारलेच नाही, कारण त्या प्रश्नाला "काही नको" हे एकच उत्तर ठरलेले असते. तिने विचारले, "काय काय नको, ते सांग." या प्रश्नाला मात्र त्याने चटकन आणि नेमके उत्तर दिले. केक नको, हॉटेलात टाळ्या वाजवणारे वेटर नकोत, सरप्राइज अजिबात नको, कोणाचे स्टेटस नको, आणि मित्र व घरचे एकत्र नकोत. यातली शेवटची अट आईबाबांना थोडी लागली, पण ती मला सर्वांत समंजस वाटली. मित्रांसमोर तो एक माणूस असतो आणि आईसमोर दुसरा. दोघे एकाच वेळी समोर आले की नेमके कोण व्हायचे हे त्याला कळत नाही. त्याच्या जवळच्या मित्राबरोबर तो संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाऊन आला, आणि तेवढे त्याला पुरले.

यादी हाती आल्यावर पहिला प्रश्न आजीचा होता. नातवाला ओवाळायचे नाही, हे तिला मान्य होणे शक्य नव्हते, आणि तिने ते का मान्य करावे? तोडगा तिनेच काढला. आजी वाढदिवस तिथीने धरते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आणि मध्ये मध्ये अधिक मास येऊन ती तफावत भरून काढत असल्यामुळे तिथी आणि तारीख दर वर्षी पुढेमागे सरकत राहतात. यंदा तिथी तारखेच्या सुमारे पंधरवडाभर आधी आली. त्या दिवशी सकाळी शाळेला जाण्यापूर्वी देवघरासमोर पाट मांडून तिने त्याला ओवाळले. ताम्हणात निरांजन, सुपारी, तिची सोन्याची अंगठी आणि अक्षता. शेजारी फक्त त्याची आई. बाबा आंघोळीला गेले होते, आणि त्यांना कोणी हाक मारली नाही. पाच मिनिटांत सारे आटोपले. तो वाकून नमस्कार करून गणवेशातच निघाला. त्या दिवशी कोणाला वाढदिवस आठवण्याचे कारण नव्हते, म्हणून फोनही आले नाहीत.

भेटींचे काम आम्ही वाढदिवसाच्या कितीतरी आधी उरकले. ज्यांना काही द्यायचे होते त्यांनी पैसे त्याच्या आईकडे दिले, आणि कोणी किती दिले हे तिने स्वतःपाशीच ठेवले. त्याला पाठीवरची चांगली सॅक हवी होती. ती त्याने स्वतः दुकानात जाऊन, पट्टे ओढून, चेन उघडझाक करून, मनासारखी निवडून आणली. वाढदिवस येईपर्यंत ती सॅक शाळेत वापरून थोडी मळलीसुद्धा होती. तिला रंगीत कागद नव्हता, त्यामुळे ती उघडण्याचा कार्यक्रमही नव्हता. आभार मात्र त्याने टाळले नाहीत. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येकाला वेगळा निरोप लिहिला. समोरासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याने आत्याला चार ओळी लिहून सॅकच्या आतल्या कप्प्याचे वर्णन केले. लेखी आभार थंड असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी आत्याला विचारावे.

आदल्या रात्री बहिणीने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले, "उद्या आम्ही दिवसभर बाहेर आहोत. शुभेच्छा इथे लिहा, तो संध्याकाळी निवांत वाचेल. कृपया फोन करू नका." हे आधी लिहून टाकणे फार गरजेचे आहे. एरवी दिवसभर मोबाइल स्पीकरवर ठेवून मुलाच्या तोंडासमोर धरला जातो, आणि त्याला पुन्हा पुन्हा "हो, हो, थँक्यू" एवढेच म्हणावे लागते.

रविवारी सकाळी तो, त्याचे आईबाबा आणि मी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली आणि मळवलीला उतरलो. भाजे लेणी त्यानेच निवडली होती. ही निवड मला फार योग्य वाटते, कारण अशा सहलीत माणसे एकमेकांच्या समोर बसत नाहीत. लोकलमध्ये सगळे खिडकीबाहेर पाहतात, आणि मळवलीहून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे चालताना सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे असतात. हॉटेलातल्या टेबलाभोवती बसले की मुलाचा चेहराच बघण्याची वस्तू होऊन बसतो.

जाताना लोकलमध्ये, कामशेत स्टेशन मागे पडल्यावर त्याच्या बाबांनी खांद्यावर हात ठेवून, बाहेर बघतच म्हटले, "पंधरा झाली रे तुला." तो म्हणाला, "हं." वाढदिवसाचा उल्लेख दिवसभरात एवढाच झाला. हा एक उल्लेख मात्र हवाच होता असे माझे ठाम मत आहे. गाजावाजा नको, याचा अर्थ विसरून जा असा मुळीच नसतो, आणि खरोखरच कोणी काही बोलले नसते तर त्याला वाईट वाटले असते.

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले मानले जाते. त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्यांतले पुष्कळ लाकूड मूळचे आहे. भाचा बराच वेळ मान वर करून उभा होता. मग म्हणाला, "मावशी, हे छत दगडातच कोरलंय. मग त्याला लाकडाचा आधार कशाला?" आणि थोड्या वेळाने त्याचे त्यानेच सांगितले की, हे आधाराचे लाकूड नाही, आधी लाकडी इमारती होत्या त्यांची ही नक्कल आहे. खांब आतल्या बाजूला कललेले आहेत हेही त्याच्याच लक्षात आले. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असेच तिरके लावावे लागत असणार, असा त्याचा तर्क होता. तो सलग दहा मिनिटे बोलत होता, हातवारे करून, आमच्या तोंडाकडे पाहून. जो मुलगा घरी चार पाहुणे आले की खोलीत जातो, तोच हा. कारण तिथे सगळे छताकडे पाहत होते, त्याच्याकडे नव्हे.

छायाचित्रांबाबत एकच नियम होता: काढायला हरकत नाही, पण त्याला दाखवल्याशिवाय कुठे टाकायचे नाही. त्याने एक पसंत केले, ज्यात तो पाठमोरा आहे आणि समोर चौदा स्तूप आहेत, हे त्याने आईला दोनदा मोजून दाखवले. तेच आजीला पाठवले. जेवण गावातल्या एका घरगुती खानावळीत पिठले-भाकरीचे झाले आणि दुपारच्या लोकलने आम्ही परतलो.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. माझ्या भाच्याला समारंभ नको होता. मित्र हवा होता, सॅक हवी होती, लेणी बघायची होती. मूल आठवडेच्या आठवडे मित्रांना टाळत असेल, झोप आणि जेवण बिघडले असेल, पूर्वी आवडणारे काहीच नकोसे झाले असेल, तर तो वाढदिवसाचा संकोच नव्हे, आणि तिथे साधी सहल पुरेशी नाही, डॉक्टरांशी बोलावे.

पुढच्या वर्षीचा विचार आत्तापासूनच सुरू आहे, कारण 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने जानेवारी 2027 मध्ये त्याची तिथी तारखेला जवळजवळ येऊन भिडणार आहे. दोन्हींत जेमतेम तीन दिवसांचे अंतर राहील. शिवाय ते दहावीचे वर्ष. आजी म्हणते, ओवाळणे तिथीलाच आणि तसेच पहाटे, बाबा उठायच्या आत. भाच्याने त्याला होकार दिला आहे, फक्त त्या दिवशी खीर न करता तिखटमिठाच्या पुऱ्या कराव्यात एवढे त्याचे म्हणणे आहे.