पाण्याची रेघ पुसण्याआधी : बुडालेल्या गाडीचे फोटो आणि विम्याचा दावा

मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करणे हा माझा व्यवसाय आहे. मुंबईत पाणी तुंबले की पुढच्या आठवड्यात माझ्याकडे गाड्यांचे शेकडो फोटो येतात. त्यांतल्या बहुतेकांत नुकसान दिसते, पण ते किती उंचीच्या पाण्याने झाले हे दिसत नाही. चिखलाने माखलेले कार्पेट आणि ओल्या सीट मालकाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट असते आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु साचलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या गाडीच्या दाव्यात सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे गाडीवर आणि भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ, आणि कोणी ओले फडके हातात घेईपर्यंतच तिचे आयुष्य असते, असे माझे ठाम मत आहे.

उंचीला इतके महत्त्व का, हे आधी सांगतो. सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत पुराचे आणि पाणी साचल्याचे नुकसान येते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर येत नाही. मात्र पाणी इंजिनात शिरल्यानंतर कोणी ते सुरू केले, तर सिलिंडरमधले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान परिणामस्वरूप झालेले मानून साध्या पॉलिसीत बहुधा नाकारले जाते आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. पॉलिसीच्या अटींत हेही असते की बिघडलेली गाडी दुरुस्तीआधी चालवली, तर त्यातून वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर राहील. त्यामुळे कंपनी दोन प्रश्न विचारणारच: पाणी हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत पोहोचले होते का, आणि चावी फिरवली होती का? फोटोंनी या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात.

किंग्ज सर्कलजवळच्या एका सोसायटीतले प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्या गृहस्थांनी केलेले काम मी आजही इतरांना उदाहरण म्हणून दाखवतो. त्यांची हॅचबॅक स्टिल्ट पार्किंगमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभी होती. रात्रभराच्या पावसात आवारात पाणी शिरले. पहाटे त्यांनी पाण्यात न उतरता जिन्याच्या पायरीवरून फोटो घेतला. तळमजल्यावर विजेचे मीटर असलेल्या इमारतीत हाच शहाणपणा आहे आणि कोणत्याही दाव्यासाठी तो मोडू नये. त्या फोटोत गाडी, शेजारचा खांब आणि दोन्हींवर टेकलेले पाणी एकाच चौकटीत आले होते.

पाणी ओसरल्यावर त्यांनी गाडीला हात लावण्याआधी चारही कोपऱ्यांतून तिरके फोटो काढले. कोपऱ्यातून घेतलेल्या फोटोत गाडीच्या दोन बाजू एकदम दिसतात आणि नंबरप्लेटही येते, म्हणून समोरून सरळ घेतलेल्या फोटोपेक्षा तो अधिक सांगतो. मोबाइलमधली रुंद लेन्स मात्र टाळावी, कारण तिच्यात कडा ताणल्या जातात आणि उंचीचा अंदाज फसतो. नेहमीच्या लेन्सने दोन पावले मागे सरून घेतलेला फोटो अधिक विश्वासार्ह ठरतो. त्यानंतर त्यांनी प्रत्येक ठिकाणाचे फोटो तीन टप्प्यांत घेतले: आधी दुरून पूर्ण दार, मग दाराचा खालचा भाग, मग जवळून फक्त रेघ. प्रत्येक जवळच्या फोटोत आधीच्या फोटोतली एखादी ओळखीची खूण, म्हणजे दाराचे हँडल किंवा एखादा जुना ओरखडा, येईल याची त्यांनी काळजी घेतली. हा दुवा नसेल, तर जवळून घेतलेला चिखलाचा फोटो कोणत्याही गाडीचा असू शकतो आणि पाहणाऱ्याला त्याचे काहीच करता येत नाही.

मापाच्या बाबतीत सर्वाधिक गडबड होते, म्हणून इथे जरा थांबतो. फोटोत पेन किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवून ओरखड्याची लांबी कळते, पण पाण्याची उंची कळत नाही, कारण उंची जमिनीपासून मोजायची असते. त्यासाठी सुताराची स्टीलची टेप जमिनीवर टेकवून सरळ उभी धरावी आणि एका फोटोत जमिनीपासून रेघेपर्यंत संपूर्ण टेप दिसावी. दुसऱ्या फोटोत फक्त रेघेजवळचा आकडा वाचता यावा. हा दुसरा फोटो घेताना कॅमेरा रेघेच्याच उंचीवर न्यावा लागतो, म्हणजे चक्क खाली बसावे लागते. गाडीचे दार बाहेर फुगलेले असल्याने टेप रेघेपासून थोडी दूर राहते आणि उभ्याने वरून फोटो घेतला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त वाचला जातो.

याहून चांगला उपाय त्या गृहस्थांनी केला. साचलेले पाणी सपाट असते, त्यामुळे गाडीवरची आणि शेजारच्या खांबावरची रेघ एकाच पातळीत असते. खांब सरळ असतो, तो कोणी धूत नाही आणि गाडी वर्कशॉपला गेल्यावरही जागेवरच राहतो. त्यांनी खांबावर रेघेला लागून कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिली आणि तिथेही टेप धरून फोटो घेतला. वाळलेला चिखल दोन दिवसांत गळून पडतो, पण पट्टीची कड राहते. मी नंतर गेलो, तेव्हा त्याच पट्टीपाशी माझी टेप लावून त्यांचा आकडा तपासता आला.

स्टिल्टच्या फरशीला फाटकाकडे उतार होता, म्हणून त्यांनी चारही चाकांपाशी वेगवेगळी मापे घेतली. मागच्या बाजूला पाणी 58 सेंटिमीटर होते आणि पुढे भिंतीकडे 46. एकच आकडा, तोही मागचा, त्यांनी कळवला असता तर इंजिनाविषयीचा संशय विनाकारण वाढला असता. त्या गाडीत हवा घेणाऱ्या नळीचे तोंड जमिनीपासून 71 सेंटिमीटरवर होते. बोनेट उघडून तेही टेपसह टिपलेले होते, त्यामुळे पाणी त्या तोंडाच्या 25 सेंटिमीटर खाली राहिले हे कागदावर आणता आले.

रस्त्यावर उभ्या गाडीच्या बाबतीत मी एक सावधगिरी सुचवीन. बस किंवा ट्रक गेला की लाट उसळते आणि बाहेर मूळ पातळीपेक्षा वर दुसरी, तुटक रेघ उमटते. दोन्ही रेघा दिसत असतील तर दोन्ही टिपाव्यात आणि वरची खरी मानून दावा फुगवू नये, कारण आतली रेघ लगेच तिला खोटे पाडते.

गाडीच्या आत सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून फोटो घ्यावा. हा फोटो फार थोडे लोक घेतात, पण मला तो सर्वांत बोलका वाटतो. बेल्टची गुंडाळी मधल्या खांबाच्या तळाशी असते. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळ दिसला, तर पाणी त्या यंत्रणेत शिरले हे सिद्ध होते आणि अपघाताच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढणारा भाग तपासण्याची किंवा बदलण्याची मागणी करता येते. आतून कार्पेट कोरडे भासत असतानाही हा पट्टा ओला निघालेला मी पाहिला आहे. त्याचबरोबर स्टेपनीचा खड्डा, सीटखालची वायरींची जोडणी आणि फ्यूज बॉक्स यांचेही फोटो घ्यावेत. ओल्या पृष्ठभागावर फ्लॅश चमकतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्चचा तिरका प्रकाश टाकावा. गाळाची कड त्याने उठून दिसते.

आता चावीविषयी. किलोमीटरचा आकडा फोटोत हवा असे सगळीकडे सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे, परंतु आजच्या गाड्यांत तो आकडा पाहण्यासाठी इग्निशन चालू करावे लागते. ओल्या वायरिंगमध्ये वीज सोडून केवळ फोटोसाठी ते करू नये. बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, तसा फोटो घ्यावा, आणि किलोमीटरसाठी शेवटच्या सर्व्हिसचे बिल जोडून प्रत्यक्ष आकडा वर्कशॉपमध्ये पाहणीच्या वेळी नोंदवावा. गाडी फ्लॅटबेडवर चढवतानाचा व्हिडिओही घ्यावा, म्हणजे ती स्वतःच्या इंजिनावर गेली नाही हे दिसते. किंग्ज सर्कलच्या प्रकरणात वर्कशॉपने अंदाजपत्रकात इंजिन उघडण्याचा खर्च धरला होता आणि कंपनीने अपेक्षेप्रमाणे शंका काढली. माझ्यासमोर एअर फिल्टर उघडला, तेव्हा कागद कोरडा निघाला. तो कोरडा कागद, 46 आणि 71 हे दोन आकडे आणि फ्लॅटबेडचा व्हिडिओ एकत्र ठेवल्यावर इंजिनाचा प्रश्न उरला नाही, आणि कार्पेट, वायरिंग व बेल्ट यांचा खर्च वादाशिवाय मान्य झाला.

वेळेच्या बाबतीत लोक फोटोवर तारीख छापणाऱ्या अ‍ॅपवर फार विसंबतात. छापलेली तारीख वाचायला सोयीची असते, पण खरी नोंद मूळ फाइलच्या आत असते: फोटो कधी आणि कोणत्या फोनने घेतला, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर कुठे घेतला, हेही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही नोंद गळते आणि फोटोही आक्रसतो. IMG-20240708-WA0012.jpg अशा नावातले WA पाहिले की ती मूळ प्रत नाही हे लगेच कळते. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावेत आणि दावा निकाली निघेपर्यंत मूळ प्रती फोनमधून पुसू नयेत. फोटो कापणे, उजळ करणे किंवा त्यावर लाल बाण काढणे हे सगळे वेगळ्या प्रतीवर करावे.

व्हिडिओंच्या वेळेबाबत एक अडचण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक फोन व्हिडिओची वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात आणि काही संगणक ती तशीच दाखवतात, त्यामुळे सकाळी 7:10 चा व्हिडिओ पहाटे 1:40 चा दिसतो. पाऊस कधी पडला आणि पाणी कधी चढले यावर दावा उभा असताना साडेपाच तासांचा हा फरक वाद उभा करू शकतो. त्यामुळे व्हिडिओ सुरू करताना तारीख व वेळ स्पष्ट बोलावी.

फाइलमधली वेळ बदलता येते हे कंपन्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तिला दुसरा आधार लागतो. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, तेव्हा सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी पत्र देऊन पाणी चढतानाचा भाग वेगळा काढून घ्यावा. कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांच्या पावसाच्या नोंदी सार्वजनिक असतात आणि मी त्या पाहतोच.

तळमजल्यावरच्या घराचे तंत्र वेगळे नाही. भिंतीवरची रेघ टेपसह घ्यावी, प्रत्येक खोली समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून टिपावी, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल व सिरियल क्रमांक वाचता येईल असा फोटो घ्यावा. फुगलेले प्लायवुड आणि भिजलेल्या गाद्या दुर्गंधीमुळे ठेवता येत नाहीत हे मला मान्य आहे, पण त्या महापालिकेच्या गाडीत टाकण्याआधी कंपनीला ईमेल करून तसे कळवावे आणि टाकतानाचा फोटोही जपून ठेवावा.