चहा-पोहे, बीटाचा रस आणि पाळीत जाणारं लोह

"पाळीत जास्त रक्त जातं? रोज ग्लासभर बीटाचा रस आणि गुळाचा खडा घ्या, पंधरा दिवसांत हिमोग्लोबिन वाढेल. भाजी लोखंडी कढईत करा. चहा कधीही चालतो, त्यात दूध असतं."

असा सल्ला दिला जातो. पण बीटाचा लाल रंग त्यातल्या रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नाही. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह भरत नाही आणि १० ग्रॅम गुळात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आता जाणारं लोह बघा. एका पाळीत सरासरी ३०-४० मिलिलिटर रक्त जातं आणि त्याबरोबर साधारण १५-२० मिलिग्रॅम लोह. शरीराची रोजची झीज धरली, तर दिवसाला सुमारे दीड मिलिग्रॅम लोह अंगी लागायला हवं. शाकाहारी जेवणातलं मात्र शंभरातलं पाच ते दहा भागच शोषलं जातं. पंधरा दिवसांचं म्हणाल, तर लोहाच्या गोळ्यांनीही हिमोग्लोबिन महिन्याला एक-दोन ग्रॅमनेच चढतं.

मग खायचं काय? बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ यांतून आठ-नऊ मिलिग्रॅम लोह मिळतं. मटकीला मोड आणले की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळलं किंवा सोबत पेरूच्या फोडी घेतल्या, तर क जीवनसत्त्वामुळे त्याच ताटातलं लोह दुपटीच्या आसपासही शोषलं जाऊ शकतं. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर, पानातच पिळा. उकळीत क जीवनसत्त्व नासतं. आणि ते त्याच जेवणात हवं. सकाळी घेतलेलं लिंबूपाणी दुपारच्या भाकरीच्या कामाला येत नाही.

या सगळ्यावर पाणी पडतं ते चहाने. त्यातले टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतात, आणि जेवणासोबतचा कपभर चहा शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. दूध घातल्याने त्यातून सुटका होत नाही. म्हणून आपले चहा-पोहे मला खरोखर खटकतात: पोह्यांवर प्रेमाने लिंबू पिळायचं आणि लगेच वर चहा! चहा सोडू नका, फक्त खाण्यापासून तास-दीड तास लांब ठेवा. लोहाच्या गोळीलाही हेच लागू.

कढईचा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. लोह उतरतं ते आमसूल, चिंच, टोमॅटो घातलेल्या रसदार पदार्थात, मंद आचेवर शिजताना. कोरड्या परतलेल्या भाजीत फारसं नाही. कढई बिडाची किंवा साध्या लोखंडाची हवी. वरून लेप असेल तर काही उतरत नाही.

पाळी सात दिवसांहून लांबत असेल, तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ताट सुधारून भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, आणि तो फेरिटिनमध्येच दिसतो.