पाच स्टार, टॉप टेन आणि यादीतून गायब झालेले फंड

दावा: “पाच स्टार म्हणजे दहा वर्षांचा रेकॉर्ड तपासलेला म्युच्युअल फंड. तीन वर्षांच्या टॉप टेन यादीतही असेल तर डोळे झाकून घ्या. कॅटेगरीची सरासरीच १३ टक्के आहे, तेवढे तर कुठेच गेले नाहीत.”

आधी दहा वर्षांचं पाहू. फंडांना स्टार देणाऱ्या मॉर्निंगस्टार कंपनीच्या पद्धतीत दहा वर्षं पूर्ण केलेल्या फंडाच्या एकूण रेटिंगमध्ये १० वर्षांच्या कामगिरीला ५० टक्के, ५ वर्षांच्या कामगिरीला ३० टक्के आणि ३ वर्षांच्या कामगिरीला २० टक्के वजन असतं. पण शेवटची तीन वर्षं या तिन्ही मुदतींत येतात. २० टक्के पूर्ण, ३० चे तीन-पंचमांश म्हणजे १८, आणि ५० चे तीन-दशांश म्हणजे १५. बेरीज ५३. म्हणजे निम्म्याहून जास्त भार अलीकडच्या तीन वर्षांवरच. फंड पाच वर्षांहून लहान असेल, तर सगळे स्टार तीन वर्षांवरच ठरतात. शिवाय तुलना कॅटेगरीतल्या कॅटेगरीतच होते. सगळी कॅटेगरी तोट्यात असली तरी वरच्या १० टक्के फंडांना पाच स्टार मिळतातच.

तीन वर्षांच्या आकड्याचं काय होतं, ते निफ्टी ५० वर तपासा. मार्च २०२० अखेर तो ८,५९८ वर होता, मार्च २०२३ अखेर १७,३६०. लाभांश सोडून वार्षिक परतावा सुमारे २६ टक्के. पुढच्या वर्षी निफ्टी आणखी जवळपास २९ टक्के वाढून २२,३२७ वर गेला, तरी तीन वर्षांचा आकडा १५ टक्क्यांवर आला! कारण मोजणी आता मार्च २०२१ च्या १४,६९१ पासून सुरू झाली. कोविडचा तळ खिडकीबाहेर गेला. फंडाच्या मॅनेजरचं यात काही कर्तृत्व नाही.

सरासरीचा मुद्दा सगळ्यात फसवा. समजा, एका कॅटेगरीत १० फंड होते. त्यातले वर्षाला ७ टक्के देणारे तीन इतर योजनांत विलीन झाले आणि उरलेल्या सातांनी सरासरी १३ टक्के दिले. आज यादीत १३ दिसतात. सगळे धरले तर ११.२ येतात. विलीनीकरण प्रामुख्याने रडणाऱ्या योजनांचंच होतं. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये एका फंड हाउसची एका कॅटेगरीत साधारणपणे एकच योजना असा नियम आणल्यावर तर अशा बऱ्याच योजना एकत्र झाल्या. फंडांची निर्देशांकाशी तुलना करणारा एस अँड पीचा स्पिवा अहवाल मात्र सुरुवातीची यादी धरून मोजतो, बंद पडलेले फंडही त्यात येतात.

स्वतः तपासायचं तर फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या साइटवर एनएव्ही हिस्टरीत, म्हणजे युनिटच्या जुन्या किमतींच्या नोंदीत, जुनी तारीख टाका आणि तिथली योजनांची नावं आजच्या यादीशी ताडून पहा. नुसतं नाव बदललंय की विलीनीकरण झालंय, हे योजनेच्या कोडवरून आणि फंड हाउसच्या सूचनेवरून ठरवा. आकडे ग्रोथ पर्यायाचेच घ्या. लाभांश वाटणाऱ्या पर्यायाची एनएव्ही प्रत्येक वाटपानंतर घसरते. आणि एकाच तारखेऐवजी दर महिन्यापासून सुरू होणारे पाच-पाच वर्षांचे रोलिंग परतावे काढून त्यातला सर्वांत वाईट आकडा आधी वाचा.