जाताना हँडओव्हर नोट अशी लिहा की पुढच्याला काही कळता कामा नये

तर तुम्ही राजीनामा दिलाय, नोटिस पिरियडचे शेवटचे दोन दिवस उरलेत आणि प्रोडक्शनवाली ताई तिसऱ्यांदा विचारून गेली, "नोट झाली का?" घाबरू नका. माया हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडायची गरजही नाही. पहिली ओळ लिहा: "आजीचा रिग नीट आहे, फक्त हातांकडे जरा लक्ष द्या." आजी हे आपलं पात्र आणि रिग म्हणजे तिला हलवायचा सांगाडा. तिला हात दोन आणि शॉट दोनशे आहेत, त्यामुळे कुठे लक्ष द्यायचं ते पुढच्याला हळूहळू कळेलच.

डाव्या हाताच्या स्लायडरवर 0 म्हणजे आयके आणि उजव्या हाताच्या स्लायडरवर 0 म्हणजे एफके, हे मात्र चुकूनही लिहू नका. आयकेत मनगट ओढलं की कोपर आपोआप मागे येतो, एफकेत खांद्यापासून एकेक सांधा वळवावा लागतो. रिगरने हात मिरर करताना कुठेतरी उलटं जोडलं, मग तो नोकरी सोडून गेला, मग आपण सवय करून घेतली, आणि आता तुम्हाला डोळे मिटूनही बरोबर जमतं. तुम्हाला दीड महिना लागला ना हे समजायला? मग त्यालाही लागू दे, आयतं कशाला द्यायचं.

आता शॉट 42. आजी चहाचा कप उचलते, एवढंच आहे त्यात. फ्रेम 47 पर्यंत हात एफकेमध्ये झुलत येतो आणि 48 ला कपाला टेकतो तिथे आयके होतो. या रिगमध्ये मॅच करायचं बटणच नाही, त्यामुळे 48 ला स्लायडर सरकवला की हात एकदम तिथे जातो जिथे आयके कंट्रोल मागे कधीतरी सोडला होता, बहुतेक वेळा आजीच्या गुडघ्यापाशी. तुम्ही काय करायचात? 48 ला आधी आयके कंट्रोल हाताने मनगटावर आणून बसवायचात, कोपराची दिशा ठरवणारा पोल व्हेक्टर जुळवायचात, मग 47 आणि 48 दोन्हीकडे स्लायडरची की लावून, म्हणजे त्या फ्रेमची किंमत नोंदवून, ती स्टेप्ड करायचात, म्हणजे मधे न सरकता एकदम बदलते. पाच मिनिटांचं काम. नोटमध्ये लिहा: "थोडा पॉप येतो, सांभाळून घ्या."

कपाची तर मजाच वेगळी. कपाला आधीपासून की होत्या आणि वरून कप हाताला बांधणारं पेरेंट कन्स्ट्रेंट लावलंय, म्हणून चॅनल बॉक्समध्ये त्याचे आकडे हिरवे दिसतात आणि खाली `blendParent1` नावाचं एक गरीब अॅट्रिब्यूट बसलेलं असतं. ते 0 असेल तर कप स्वतःच्या की ऐकतो, 1 असेल तर हाताचं ऐकतो. पुढचा माणूस फ्रेम 60 ला कप जरा तिरका करेल, की लावेल, टाइमलाइन सरकवेल आणि कप आपला पुन्हा होता तसा. तो परत करेल. चार-पाच वेळा करेल, मग माया रीस्टार्ट करेल, मग मशीन. करू द्या.

एकदा मी स्वतः `blendParent1` ला फ्रेम 30 वर 0 आणि 48 वर 1 दिलं आणि टँजंट ऑटोवरच राहिले, म्हणजे किंमत 0 वरून 1 कडे हळूहळू चढत गेली, त्यामुळे 39 ला बघावं तर आजीचा हात अजून वाटेतच आणि कप टेबलापासून बोटभर वर, म्हातारीला सिद्धी प्राप्त झाल्यासारखा! डायरेक्टरने रिव्ह्यूत पॉज करून सगळ्यांना दाखवला. 47 ला आणखी एक 0 द्यायचा आणि स्टेप्ड करायचं, एवढाच उपाय होता, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि वैतागून कोणी कन्स्ट्रेंटच डिलीट केलं तर कप टुणकन टेबलावर परत जातो, आधी बेक करावं लागतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमची जागा की म्हणून उतरवून घ्यावी लागते. हेही नका सांगू, बेक म्हटलं की लोकांना केकच आठवतो.

नावांबद्दल तर तुम्ही मुळीच अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्या शॉटमध्ये आजी `aaji_rig1:` आहे, कारण एका घाईच्या रात्री रेफरन्स, म्हणजे बाहेरून जोडलेली रिगची फाइल, दोनदा लोड झाला, पहिला काढला आणि दुसऱ्याच्या शेपटीला 1 राहिला. बाकी सगळ्या शॉटमध्ये ती `aaji_rig:` आहे. त्यामुळे तिथली चाल कॉपी करून इथे पेस्ट केली की नावंच जुळत नाहीत आणि आजी ढिम्म उभी. नावाआधीचा हा उपसर्ग नेमस्पेस एडिटरमध्ये रीनेम करून बघता आलं असतं, पण शॉटला तीन दिवस उरले असताना कोण हात लावतो.

फाइलींची यादी शेवटी द्या, सोबत फोल्डरचा पाथही द्या, म्हणजे तुमच्याकडून कामात कसूर झाली असं कोणी म्हणणार नाही:

```
sc042_final.ma
sc042_final_v2_OK.ma
sc042_final_v2_OK_new.ma
sc042_HA_VAPRA.ma
```

यातली बरोबर कोणती? तिसरी. `HA_VAPRA` मध्ये कप नाहीये.