मार्केट कॅपच्या रकमेत कंपनी हाती येत नाही

“मार्केट कॅप म्हणजे अख्खी कंपनी विकत घेण्याची किंमत. कर्ज कंपनीचे असते, मालकाचे नाही, त्यामुळे ते मोजायचे कारण नाही. तिजोरीत रोकड जास्त म्हणजे कंपनी महाग. दोन कंपन्यांचा नफा सारखा असेल तर कमी मार्केट कॅपची डोळे झाकून घ्या. एंटरप्राइज व्हॅल्यू ही सल्लागारांनी काढलेली भानगड आहे.”

हा संदेश मला आजवर पाच-सहा जणांकडून आला आणि प्रत्येक वेळी मी तो सोडून दिला. परवा मात्र माझ्या धाकट्या बहिणीने तो पाठवला, खाली दोन कंपन्यांची नावे लिहिली आणि विचारले, “दादा, मग पहिलीच घेऊ ना?” त्या पहिल्या कंपनीच्या ताळेबंदातली कर्जाची ओळ पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य कर्जाबद्दलचे आहे, म्हणून आधी तेच घेतो. त्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. कंपनी बुडाली तर बँक भागधारकाच्या दारात वसुलीसाठी येत नाही, कारण त्याची जबाबदारी भागभांडवलापुरती मर्यादित असते. पण जबाबदारी मर्यादित असणे आणि कर्ज किमतीत न धरणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी जे कमावते त्यातून आधी व्याज आणि मुद्दल जाते आणि उरलेले भागधारकाला मिळते. शेअर बाजार समभागाची किंमत ठरवतो ती या उरलेल्या भागाची, आणि एका समभागाचा बाजारभाव गुणिले एकूण समभाग म्हणजेच मार्केट कॅप. म्हणजे कर्जाचे ओझे वजा झाल्यानंतरची किंमत हातात घेऊन तीच धंद्याची पूर्ण किंमत आहे असे म्हणणे, हा हिशेबच चुकीचा आहे.

कंपनी प्रत्यक्ष विकत घेणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळते. अनेक कर्ज-करारांत मालकी बदलली तर कर्ज परत मागण्याचा हक्क देणाऱ्याने राखून ठेवलेला असतो. कमी पतीच्या कंपन्यांच्या रोख्यांत तर अशा वेळी दर्शनी किमतीच्या १०१ टक्के दराने पैसे परत घेण्याची मुभा ही नेहमीची अट आहे. त्यामुळे खरेदीदाराला समभागांच्या पैशांखेरीज कर्ज फेडण्याचीही सोय त्याच दिवशी करावी लागते. अशी अट नसेल तर कर्ज त्याच्या ताळेबंदात येते आणि तो ते पुढे फेडतो. दोन्हींत किंमत तोच मोजतो.

बर्कशायर हॅथवे आणि थ्री-जी कॅपिटल यांनी २०१३ मध्ये हाइन्झ कंपनी घेतली, तेव्हा भागधारकांना प्रतिसमभाग ७२.५० डॉलर, म्हणजे एकूण सुमारे २३ अब्ज डॉलर मिळणार होते. तरी व्यवहाराची जाहीर केलेली किंमत २८ अब्ज डॉलर होती आणि तीत हाइन्झवरचे कर्ज धरले असल्याचे घोषणेतच स्पष्ट लिहिले होते. हे ७२.५० डॉलरही आदल्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त होते. तेव्हा मार्केट कॅपच्या रकमेत सगळे समभागसुद्धा मिळत नाहीत, आणि पहिल्या वाक्याचे उत्तर इथेच संपते.

आता रोकड. इथे संदेश लिहिणाऱ्याने गोष्ट नेमकी उलटी केली आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेण्याची घोषणा केली, ती प्रतिसमभाग ९५ डॉलरने. व्यवहाराचे मूल्य ६८.७ अब्ज डॉलर सांगितले गेले आणि त्यात अ‍ॅक्टिव्हिजनची निव्वळ रोकड हिशेबात धरल्याचे सोबत नमूद होते. व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक अहवालाप्रमाणे एकूण ७५.४ अब्ज डॉलर मोजले गेले. पण त्याच अहवालात, खरेदीतून मिळालेल्या मालमत्तेच्या यादीत, सुमारे १३ अब्ज डॉलरची रोकड आहे. पैसे दिले त्या दिवशीच त्यातले १३ अब्ज खरेदीदाराच्या ताब्यात आले. मार्केट कॅप रोकडीमुळे फुगलेले दिसते हे खरे, पण धंद्यासाठी पदरचे किती गेले हे पाहायचे तर ती रोकड वजा करावीच लागते. समभागांची किंमत अधिक कर्ज वजा रोकड, एवढाच एंटरप्राइज व्हॅल्यूचा गाभा आहे. उपकंपन्यांतला इतरांचा हिस्सा आणि प्राधान्य समभाग असतील तर तेही मिळवतात. यात सल्लागाराची कोणतीही करामत नाही.

बहिणीच्या दोन कंपन्यांचे आकडे गोल करून मांडतो. दोघींचा व्याज व करापूर्वीचा नफा १०० कोटी. पहिलीचे मार्केट कॅप ३०० कोटी, कर्ज ७०० कोटी, रोकड ५० कोटी. दुसरीचे मार्केट कॅप ९०० कोटी, कर्ज शून्य, रोकड २०० कोटी. मार्केट कॅप पाहिले तर पहिली तिप्पट स्वस्त. कर्ज आणि रोकड धरली की पहिलीची किंमत ९५० कोटी होते आणि दुसरीची ७००. म्हणजे १०० कोटी कमावणाऱ्या एकसारख्या धंद्यासाठी पहिलीत साडेनऊ पट द्यावे लागतात आणि दुसरीत सातच पट.

मार्केट कॅप निव्वळ नफ्याच्या किती पट आहे हे सांगणारे पीई गुणोत्तरही इथे फसवते. ८ टक्के दराने पहिलीचे व्याज ५६ कोटी जाते आणि २५ टक्के कर भरून ३३ कोटी उरतात; ३०० कोटींना ते नऊ पट पडते. रोकडीवरचे व्याज बाजूला ठेवले तर दुसरीचे ७५ कोटी उरतात आणि ९०० कोटींना ते बारा पट. त्यामुळे पहिलीच स्वस्त वाटते. पण धंद्याचा नफा १०० वरून ७० कोटींवर आला तर पहिलीचा निव्वळ नफा साडेदहा कोटींवर, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो, तर दुसरीचा फक्त ३० टक्क्यांनी घटून साडेबावन्न कोटी राहतो. “डोळे झाकून घ्या” म्हणणाऱ्याने माझ्या बहिणीला जोखमीची कंपनी जास्त किमतीला घ्यायला सांगितले होते.

एंटरप्राइज व्हॅल्यूलाही मर्यादा आहेत. बँक आणि विमा कंपनीला ती लावू नये, कारण ठेवी हा बँकेच्या धंद्याचा कच्चा माल आहे. तसेच ताळेबंदातली सगळी रोकड मोकळी नसते. काही पगार आणि खरेदीसाठी लागते, काही ग्राहकांच्या आगाऊ रकमेची असते. ताळेबंद एकाच दिवसाचा असल्याने वर्षअखेरीस उधारी वसूल करून आणि पुरवठादारांचे पैसे थांबवून रोकड मोठी दाखवताही येते. म्हणून मी तिला दुसऱ्या कंपनीचे मिळालेले व्याज पाहायला सांगितले. २०० कोटी वर्षभर ६ टक्क्यांनी पडून असते तर १२ कोटींच्या आसपास व्याज दिसायला हवे. ते तीनच कोटी निघाले असते, तर वर्षभराची सरासरी रोकड ५० कोटीच धरून किंमत ७०० ऐवजी ८५० कोटी मानावी लागली असती. तिने नफा-तोट्याचे पत्रक उघडून पाहिले तेव्हा व्याज साडेअकरा कोटी होते.