एक टिक, दोन टिक

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. ज्याच्या घरचा नळ गळतो तो आपण होऊन येतो, त्याला बोलवायला जावं लागत नाही, हा बाबांचा सिद्धांत. मी दुकान सोशल मीडियावर आणायचं म्हटलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे उधारी चालते का?" मी हसले. तो प्रश्न किती पोचलेला होता ते मला पुढे कळलं.

पहिला व्हिडिओ गळक्या नळाचा वॉशर बदलण्याचा. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि "सर्वप्रथम आपणा सर्वांचं..." अशी सुरुवात केली. वॉशर हातात यायला एक मिनिट दहा सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी मी आकडेवारी उघडली, तर बघणाऱ्यांचा आलेख तिसऱ्या सेकंदाला शिडीवरून पडल्यासारखा कोसळलेला. 'सर्वप्रथम' ऐकूनच लोक पळाले होते. त्यांचा दोष नाही, मी घरातली असूनही पळाले असते.

दुसऱ्या खेपेला मी बाबांचं तोंड वगळलं आणि फक्त हात घेतले. जुना वॉशर अंगठ्यावर धरून ते म्हणाले, "हा गोल चर दिसतोय? रबर कडक झालं की इथून पाणी निसटतं. लोक नळ आणखी आवळतात, मग चर आणखी खोल जातो. आधी मेन कॉक बंद करा, जुना वॉशर काढा आणि त्याच मापाचा नवा बसवा." बावीस सेकंदांत काम झालं. चार दिवसांत तो व्हिडिओ चाळीस हजार वेळा बघितला गेला.

बाबा हरखले. प्रत्येक कमेंटला ते गिऱ्हाइकासारखं उत्तर देऊ लागले. कुणी लिहिलं, "आमच्या नळात वॉशरच नाही." बाबांनी टाइप केलं, "अर्ध्या फेऱ्यात बंद होत असेल तर आत कार्ट्रिज असेल. काढून दुकानात घेऊन या." त्याने विचारलं, "दुकान कुठे आहे?" बाबांनी लिहिलं, "कोपऱ्यावर." जगातला कुठला कोपरा, हे प्रोफाइलवरही नव्हतं. नाव आणि फोटोच्या फिल्टरवर मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. पत्ता, फोन आणि दुकानाची वेळ टाकायची राहून गेली होती.

टाकली. तरी गल्ल्यात फरक शून्य. पुन्हा आकडेवारी उघडली तेव्हा उलगडा झाला. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे आम्हाला फॉलो न करणारे होते आणि शहरांच्या यादीत आमचं गाव औषधालाही नव्हतं. अर्धा इंची वॉशरसाठी शेकडो मैल कोण येणार? "म्हणजे आपण जगाचे नळ फुकट दुरुस्त केले," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता, थोडा अभिमानच होता.

मग मी जगाचा नाद सोडून ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे वळले. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण मावतात. बाबांच्या फोनमधली दोनशे चाळीस नावं घातली आणि 'नवे नळ आले आहेत' असा फोटोसकट मेसेज सोडला. संध्याकाळी मेसेजची माहिती उघडून बघते तर पोचला होता फक्त एकतीस जणांना. बाकीच्यांची एकच टिक. ब्रॉडकास्टचा नियमच तसा आहे: ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला असेल त्यालाच तो मेसेज पोचतो. वर्षानुवर्षं येणाऱ्या सज्जन, रोखीच्या गिऱ्हाइकांना आमचा नंबर सेव्ह करायची गरजच पडली नव्हती. ती नळ हातात धरून सरळ दुकानात येतात.

बाबांनी चष्मा लावून ती एकतीस नावं वाचली. मग उठले, खालच्या खणातून लाल वही काढली आणि बोट फिरवत बसले.

"यातले सव्वीस वहीत आहेत," ते म्हणाले.

"उधारीवाल्यांनी आपला नंबर कशाला सेव्ह केला असेल?"

"न उचलण्यासाठी."

मी अवाक. बाबा मात्र नव्या उत्साहाने फोन घेऊन बसले. मेसेज पोचला की दोन टिक, हे ते तेवढ्यात शिकले. स्टेटस कुणी बघितलं ते दिसतं, हेही त्यांनी शोधून काढलं. चार महिने 'बाहेरगावी' असलेल्या एका गृहस्थाने नळांचं स्टेटस सकाळी सात दहाला बघितलं होतं. "उठतो लवकर," बाबा म्हणाले.

पुढच्या मेसेजचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला. एका बाजूला नवे शॉवर आणि खाली एक ओळ: 'जुन्या हिशेबाची वहीही पाहायला ठेवली आहे.' मी म्हटलं, "बाबा, याला मार्केटिंग म्हणत नाहीत." तरी पाठवला.

तासाभरात ते बाहेरगावचे गृहस्थ दुकानात हजर. पूर्ण रक्कम काउंटरवर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तेवढं त्या लिस्टमधून माझं नाव काढा."

बाबांनी पैसे दोनदा मोजले, वहीतली ओळ खोडली आणि म्हणाले, "काढतो. वॉशर देऊ का एखादा?"